धागा : सूर्यचुलीच्या तबकडीत सूर्याचा ठिपका ६ मिमीचा हवा होता, प्रत्यक्षात १३ सेंमीचा पडतो

माळरान
जुन्या काळातील सहा फुटी टीव्ही अँटेनाची एक भरीव तबकडी मला भंगारवाल्याकडे मिळाली. तिच्या आतल्या बाजूस ५ सेंमी चौरस आकाराचे साध्या आरशाचे तुकडे सिलिकॉनने चिकटवून मी सूर्यचूल तयार केली आहे. तबकडीचा व्यास १.८ मीटर आहे. काठावर आडवी पट्टी ठेवून मधोमध मोजलेली खोली ३० सेंमी भरते. f = D²/16d या सूत्राने नाभीय अंतर ६७.५ सेंमी येते आणि लख्ख ठिपकाही जवळपास त्याच उंचीवर मिळतो, म्हणजे नाभीची जागा बरोबर असावी.

माझी शंका ठिपक्याच्या आकाराविषयी आहे. आकाशात सूर्याची तबकडी सुमारे अर्धा अंश, म्हणजे ०.००९३ रेडियन एवढी दिसते. त्याला ६७.५ सेंमीने गुणले, तर प्रतिमा साधारण ६ मिमीची यायला हवी. मी नाभीशी हार्डबोर्ड धरतो तेव्हा १३ ते १४ सेंमी व्यासाचा प्रकाश पडतो. तबकडी आणि ठिपका यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर कित्येक हजारांऐवजी दोनशेच्या आतच राहते. चूल चालते : २० सेंमी बुडाच्या पातेल्यात ३ लिटर पाणी २५ अंशांपासून ९५ अंशांपर्यंत जायला सुमारे २० मिनिटे लागतात. तरीही इतका फरक का पडावा आणि तो कमी करण्यासाठी आरसे काढून पुन्हा लावावेत का, हे जाणकारांनी सांगावे.

सरळरेषा
सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर असल्यामुळे त्याचे किरण समांतर येतात आणि अन्वस्ताकार पृष्ठभाग समांतर किरणांना एकाच बिंदूत आणतो. ठिपका पसरट असेल, तर एक तर बोर्डाची उंची चुकली आहे किंवा तबकडीचा आकार बिघडलेला आहे. ठिपका टोकदार झाल्याखेरीज पाणी लवकर उकळणार नाही, हेही उघड आहे. तेव्हा आधी उंची बदलून पाहावी.

शेवगा
आमच्याकडे पेटीची सूर्यचूल आहे आणि तिच्यात भात छान होतो, पण हिवाळ्यात फार वेळ लागतो. पेटीच्या झाकणाच्या आरशाचा ठिपका नेमका किती मोठा असावा, हे या धाग्यावर कोणी सांगेल का?

अंतर्गोल
शेवगा, पेटीच्या चुलीचा आरसा सपाट असतो. तो काचेवर जास्तीचे ऊन टाकतो, एकवटत नाही, त्यामुळे तिथे ठिपका असा शोधायचाच नसतो. संपूर्ण काच उजळलेली दिसली की आरशाचा कोन बरोबर आहे असे समजावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सरळरेषा म्हणतात ते एका ताऱ्यापुरते खरे आहे. सूर्याच्या डाव्या आणि उजव्या कडेकडून येणाऱ्या किरणांत अर्ध्या अंशाचा फरक असतो. आरसा कितीही निर्दोष असला, तरी परावर्तनानंतर हा फरक तसाच उरतो. म्हणून बिंदू कधीच मिळत नाही, ठिपकाच मिळतो.

माळरान यांनी काढलेले ६ मिमी हे माप गुळगुळीत, सलग वाकवलेल्या आरशासाठी आणि तेही त्याच्या मध्यभागासाठी आहे. त्यांच्या तबकडीत सलग आरसा नाही, सपाट तुकडे आहेत. सपाट आरसा किरणांना एकमेकांकडे वळवत नाही. ५ सेंमीच्या तुकड्यावर पडलेला प्रकाश ५ सेंमी रुंदीनेच निघतो आणि वाटेत सूर्याच्या कोनामुळे आणखी थोडा पसरतो. ६७ सेंमी अंतरावर तो पसारा ६ मिमीचा असतो, म्हणजे मधल्या तुकड्याचा ठिपका साडेपाच सेंमीच्या आसपास येणार. त्याहून लहान होण्याचा मार्गच नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. सगळी तबकडी जाड कापडाने झाका आणि मधला एकच तुकडा उघडा ठेवा. नाभीपाशी धरलेल्या बोर्डावर गोल सूर्य दिसणार नाही, कडा किंचित पुसट झालेला चौकोन दिसेल. तो आरशाच्या तुकड्याचा आकार आहे. त्याच जातीचा सुटा तुकडा हातात धरून दहा-बारा मीटर दूरच्या, सावलीतल्या भिंतीवर कवडसा पाडा, तो गोलसर येईल. अंतर गुणिले ०.००९३ ही संख्या तुकड्याच्या रुंदीपेक्षा मोठी होऊ लागली की मगच कवडशाला सूर्याचा आकार येतो. ५ सेंमीच्या तुकड्यासाठी ते अंतर साडेपाच मीटरच्या आसपास आहे. तुमच्या नाभीशी सूर्याची प्रतिमा तयारच होत नाही, तिथे हजारभर चौकोन एकमेकांवर रचले जातात.

माळरान
एकच तुकडा उघडा ठेवून पाहिले. ठिपका खरोखरच चौकोनी आहे आणि तो सहा सेंमीच्या आतच बसतो. पण मग प्रश्न अधिकच उभा राहतो. प्रत्येक तुकडा सहा सेंमीचा ठिपका देत असेल, तर सगळे मिळून १३ सेंमी का होतात? माझे तुकडे वाकडे चिकटले आहेत असाच याचा अर्थ होतो ना?

अंतर्गोल
तसा निष्कर्ष काढण्याआधी काठाजवळचा एक तुकडा उघडा ठेवून पाहा, कारण काठाची गोष्ट मध्यापेक्षा फार वेगळी आहे.

तुमच्या तबकडीच्या काठाकडून नाभीकडे येणारा किरण मध्य अक्षाशी सुमारे ६७ अंशांचा कोन करतो. काठापासून नाभीचे अंतरही ६७ नसून सुमारे ९७ सेंमी आहे, त्यामुळे सूर्याच्या कोनाने होणारा पसारा ९ मिमी होतो. तुकडा उन्हाला तिरपा असल्यामुळे त्याच्यावरून निघणारा झोत एका दिशेने ५ ऐवजी सुमारे ४.२ सेंमी रुंद असतो. दोन्ही मिळून ५.१ सेंमी. इथवर सगळे आटोक्यात आहे. पण हा झोत आडव्या धरलेल्या बोर्डावर फार तिरपा पडतो आणि संध्याकाळच्या सावलीसारखा लांबतो. ५.१ ला ६७ अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.३८ ने भागले, की सव्वातेरा सेंमी येतात. आडव्या दिशेने तो सहा सेंमीच्या आतच राहतो. काठाचा प्रत्येक तुकडा असा लांबट पट्टा टाकतो आणि चारही बाजूंचे पट्टे एकमेकांवर पडले की १३ सेंमीचे वर्तुळ भरते.

तुम्ही मोजलेला आकार हाच आहे. माझ्या मते तुमची तबकडी चांगली बनली आहे आणि एकही आरसा काढण्याची गरज नाही.

पाणवठा
अंतर्गोल यांचे गणित पटले, पण एक शक्यता राहून जाते. १३ सेंमीचा ठिपका चौकोनी तुकड्यांमुळेही पडू शकतो आणि तबकडीची वक्रता बिघडल्यामुळेही. दोन्ही एकाच मापावर पोहोचू शकतात, तेव्हा भेद कसा करायचा? भंगारातल्या तबकड्या उतरवताना आणि वाहून नेताना अनेकदा पोचलेल्या असतात.

अंतर्गोल
रास्त शंका आहे. तबकडी कड्यांमध्ये वाटून तपासावी. मध्यापासून २० ते ३० सेंमी त्रिज्येचे एक कडे आणि काठाजवळचे १० सेंमी रुंदीचे दुसरे कडे, एका वेळी एकच उघडे ठेवायचे. बोर्ड अक्षावरून वर-खाली सरकवत त्या कड्याचा ठिपका कुठे सर्वांत लहान होतो, ती उंची लिहून ठेवायची. दोन्ही उंची जवळजवळ सारख्या आल्या, तर वक्रता शाबूत आहे आणि ठिपक्याचा मोठेपणा तुकड्यांमुळे आहे. दोहोंत चार-पाच सेंमीचा फरक आला, तर तबकडीचा आकार अन्वस्त राहिलेला नाही. एकाच कड्यातला ठिपका एका बाजूला शेपटासारखा लांबलेला दिसला, तर त्या बाजूला पोच आहे.

आतल्या कड्याची उंची नीट ठरवता येत नाही म्हणून गोंधळू नका. तिथले किरण जवळजवळ उभे येतात, त्यामुळे बोर्ड १ सेंमी हलवला तरी ठिपक्याची त्रिज्या ४ मिमीनेच बदलते. काठाच्या कड्यात तोच १ सेंमी त्रिज्येत २४ मिमीचा फरक पाडतो. तबकडीच्या क्षेत्रफळाचा निम्म्याहून जास्त भाग शेवटच्या ३० सेंमीच्या पट्ट्यात असतो. म्हणून नाभीची उंची ठरवताना काठाचे कडे सांगेल तेच ऐकावे.

हे सारे करताना बारीक कामाला वेल्डिंगची काच डोळ्यांवर हवी आणि बोर्ड ओला करून घ्यावा. उघडी तबकडी सोडून खाली चहाला जाऊ नये. सूर्य सरकला की झोत नाभी सोडून भलतीकडे जातो आणि वाळत घातलेले कपडे जाळू शकतो.

कोकणकडा
आमच्या संस्थेत १.४ मीटरची तयार चूल आहे, एसके-१४ म्हणून जी ओळखली जाते ती. तिचे नाभीय अंतर २८ सेंमीच आहे, त्यामुळे तबकडी फार खोल आहे, ४४ सेंमीच्या जवळपास. तिची नाभी काठाच्या पातळीच्या खाली, तबकडीच्या पोटातच येते. मग काठाकडचा प्रकाश पातेल्याच्या बुडावर पडतच नाही, तो किंचित वरून, बाजूंवर पडतो. या हिशेबात बुडावरच्या ठिपक्याला काय अर्थ उरतो?

अंतर्गोल
तुमच्या चुलीत काठाचा किरण अक्षाशी नव्वद अंशांहून जास्त कोन करतो, म्हणून सपाट बोर्डावर ठिपका मोजणे तिथे निरुपयोगी आहे. अशा चुलीत बूड आणि बाजू मिळून सगळे पातेले प्रकाश घेते. ते बाहेरून वरपर्यंत काळे असणे तिथे अधिक महत्त्वाचे. या खोल रचनेचे दोन फायदे आहेत : नाभी पोटात असल्यामुळे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत झोत सहज जात नाही, आणि नाभीय अंतर लहान असल्यामुळे सूर्य सरकला तरी ठिपका कमी सरकतो.

सरळरेषा
ठिपका मोठा का आहे, हे समजले. पण तो लहान केला तर उष्णता वाढेल, हा माझा मुद्दा कायम आहे. माळरान यांनी अडीच सेंमीचे तुकडे लावले, तर ठिपका आठ सेंमीवर येईल आणि कॉन्सन्ट्रेशन रेशो अडीच-तीन पट वाढेल. मग स्वयंपाक लवकर का होणार नाही?

अंतर्गोल
होणार नाही, कारण तबकडी तेवढीच राहते. २.५४ चौरस मीटरवर जेवढे ऊन पडते तेवढेच पातेल्याला मिळते, मग ते १३ सेंमीच्या वर्तुळातून मिळो की ८ सेंमीच्या. ठिपका पातेल्याच्या बुडात सामावला की पुढे तो लहान करून पाण्याला एक वॅटही जास्त मिळत नाही. लहान ठिपक्याचा उपयोग तेव्हा होतो, जेव्हा गरम होणारी वस्तूही लहान करता येते आणि तिच्यातून निसटणारी उष्णता घटते. चार-पाचशे अंशांची वाफ करायची असेल, तर तो हिशेब महत्त्वाचा ठरतो. शंभर अंशांच्या पातेल्याला तो लागू नाही.

दोन वेगळी गुणोत्तरे इथे एकमेकांत मिसळली जात आहेत. तबकडी भागिले ठिपका हे दोनशेच्या जवळ येते आणि ते बुडाचा मधला भाग किती तापेल हे सांगते. तबकडी भागिले पातेल्याचे बूड हे ८१ येते आणि स्वयंपाकासाठी तेच खरे.

कोकणकडा
याला अनुभवाची जोड देतो. आमच्या चुलीत पातळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वरण नेहमी मधोमध लागत असे आणि कडेचे दाणे कच्चे राहत. आम्ही जाड बुडाचे पातेले आणले आणि स्टँड थोडा खाली, तबकडीकडे सरकवला. तेव्हापासून लागणे जवळजवळ थांबले आणि वेळ काही वाढला नाही.

अंतर्गोल
स्टँड तबकडीकडे सरकवला, हे उत्तम केले. नाभीच्या वर ठेवूनही ठिपका तेवढाच पसरतो, पण मग किरण पातेल्याच्या खाली हवेत एकवटतात आणि पातेले उचलणारा हात नेमका तिथून जातो. खाली ठेवले की एकवटण्याआधीच पातेले त्यांना अडवते, आणि बुडाच्या कडेने निसटलेले किरण पातेल्याच्या बाजूवर पडतात. माळरान यांच्या उथळ तबकडीत हे सरकवणे एक-दीड सेंमीपुरतेच ठेवावे. त्याहून जास्त सरकवले, तर काठाचा प्रकाश बुडाबाहेर जाऊ लागेल.

गव्हाणी
माझ्याकडे घरावरची ६० सेंमीची डीटीएच तबकडी आहे. तिलाही D²/16d लावले आणि अगदी मधोमध, त्या उंचीवर बोर्ड धरला, पण ठिपका मिळत नाही. तबकडी खराब आहे का?

पाणवठा
डीटीएचची तबकडी ही मोठ्या अन्वस्तातून बाजूचा कापलेला तुकडा असते. तिची नाभी तिच्या मध्यासमोर नसते, खालच्या काठाच्या बाजूला, जिथे एलएनबी बसवलेला असतो तिथेच असते. तुमचे सूत्र पूर्ण, सममित तबकडीसाठी आहे. तो दांडा काढून टाकला नसेल, तर एलएनबीच्या तोंडाशी बोर्ड धरा आणि तबकडी सूर्यासमोर कमी-जास्त कलवत राहा.

शिर्डी संस्थानच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये उभारलेल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर तबकड्या याच तत्त्वावरच्या आहेत. बाजूचा तुकडा घेतल्यामुळे तबकडी सूर्यामागे फिरली तरी नाभी एकाच जागी राहते आणि वाफेचा संच स्थिर ठेवता येतो. त्याचा मोबदला म्हणजे ऋतूनुसार तबकडीचा बाकच थोडा बदलावा लागतो.

माळरान
कड्यांची तपासणी केली. काठाच्या कड्याचा ठिपका ६७ सेंमीवर सर्वांत लहान होतो, आतल्या कड्याचा ६८ च्या आसपास, पण अंतर्गोल म्हणाले त्याप्रमाणे तो नेमका ठरवता येत नाही. काठाचा एकच तुकडा खरोखर लांबट पट्टा टाकतो. एका जागी मात्र पट्टा दोन सेंमी बाजूला पडतो, तिथे तबकडीला हलकी पोच आहे. ती सोडून देत आहे.

आता माझे लक्ष उष्णतेकडे आहे. ३ लिटर पाणी २० मिनिटांत ७० अंशांनी तापले, म्हणजे पाण्याने सुमारे ७३० वॅट घेतले. ऊन दर चौरस मीटरला ७५० वॅट धरले, तर तबकडीवर १९०० वॅट पडतात. ठिपका बुडात पूर्ण मावतो, मग निम्म्याहून जास्त उष्णता कुठे जाते?

अंतर्गोल
तुकड्यांमधल्या फटी आणि पातेल्याची सावली यांत दहा टक्के, आरशांत पंधरा टक्के, इथवर १४५० वॅट उरतात. पुढचा प्रश्न पातेल्याचा आहे. ते बाहेरून काळे आहे का? चकचकीत ॲल्युमिनियम आलेल्या प्रकाशाचा मोठा भाग परत पाठवते.

माळरान
बूड धुराने काळे आहे, पण घासल्यामुळे मधोमध धातू दिसतो. नेमका ठिपक्याच्या जागी. उष्णता सोसणारा काळा रंग बुडाला आणि बाजूंना लावून पुन्हा मोजले, तेव्हा तेवढेच पाणी सोळा मिनिटांत तापले. म्हणजे ९०० वॅटच्या थोडे वर. तरी पाचशे वॅटचा हिशेब लागत नाही.

पाणवठा
माझ्या मते तो वारा आहे. गच्चीवर उघड्या पातेल्याचे नुकसान लोक फार कमी धरतात. पत्र्याचा आडोसा करून पाहावा.

अंतर्गोल
वाऱ्याने एवढ्या आकाराच्या पातेल्यातून दीड-दोनशे वॅट जातील, पाचशे जातील असे मला वाटत नाही. साधा आरसा मागून मुलामा केलेला असतो आणि काचेतून प्रकाश दोनदा जातो. स्वस्त, हिरवट काचेत त्याची किंमत पंधरा टक्क्यांहून जास्त असू शकते. तुकड्याची कड बाजूने पाहावी, गडद हिरवी दिसली तर संशय तिथे घ्यावा. ऊनही ७५० होते की ६०० हे न मोजता सांगता येत नाही, आकाश पांढुरके असेल तर थेट ऊन बरेच घटते.

पाणवठा
हिरव्या काचेचा मुद्दा मान्य, पण आडोशाचा प्रयोग सोपा आहे आणि आरसे न काढता होतो. तो आधी व्हावा.

कोकणकडा
मोजताना तबकडी किती वेळाने वळवत होता, हेही लिहावे. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. तुमच्या ६७ सेंमीच्या अंतरावर दर अंशाला ठिपका सव्वा सेंमीच्या जवळपास सरकतो आणि बुडात तुमच्याकडे दोन्ही बाजूंना साडेतीन सेंमीच मोकळे आहेत. सुरुवातीला ठिपका मधोमध ठेवून तबकडी तशीच सोडली, तर अकरा-बारा मिनिटांत प्रकाश कडेबाहेर जाऊ लागतो. आम्ही तबकडी सूर्याच्या थोडी पुढे, पश्चिमेकडे वळवून ठेवतो. ठिपका बुडाच्या पश्चिम कडेला सुरू होतो आणि पूर्वेकडे सरकत जातो, त्यामुळे दुप्पट वेळ हात लावावा लागत नाही.

माळरान
दोन्ही वेळा सुरुवातीला मधोमध ठेवून मध्ये एकदाही वळवली नव्हती. आडोसा आणि वळवणे एकाच दिवशी बदलले, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. म्हणून आधी दर पाच मिनिटांनी तबकडी वळवून त्याच पातेल्यात मोजतो आणि आडोशाचे माप दुसऱ्या स्वच्छ दिवशी घेतो. काचेची कड पाहिली, ती हिरवी आहे, पण गडद म्हणावी की फिकट हे शेजारी दुसरी काच ठेवल्याशिवाय ठरवता येत नाही.